‘पुश बॅक’ म्हणजे नेमकं कुठे ढकलायचं?

पुण्यातल्या टीम लीडना खुलं पत्र

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा आणि बाणेरमधल्या टीम लीड मंडळींना,



तुमचं इंग्रजी फार चांगलं झालं आहे आणि त्यामुळेच हे पत्र लिहावं लागतंय. अमेरिकन आणि ब्रिटिश ग्राहकांच्या कॉलवर वर्षानुवर्षं बसून तुम्ही त्यांची बोली उचललीत. ‘टच बेस’, ‘सर्कल बॅक’, ‘लो-हँगिंग फ्रूट’ हे शब्द आता तुमच्या तोंडी सहज येतात. ग्राहकाशी बोलताना त्याचा फायदाही होतो. पण तीच बोली तुम्ही टीमच्या चॅटवर लिहिता आणि तिथला वाचक निराळा असतो. तो क्राकोमधला पोलिश डेव्हलपर असतो, टोकियोतली टेस्टर असते किंवा तुमच्याच मजल्यावर बसणारा, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून नांदेडहून आलेला मुलगा असतो.

मी टेक्निकल रायटर आहे. सॉफ्टवेअर कसं बसवायचं, कसं चालवायचं, बंद पडलं तर काय करायचं, हे मी लिहून देते. आमच्या मजकुरात ‘किक ऑफ’ किंवा ‘आउट ऑफ द बॉक्स’ असं काही घुसलं तर संपादक ते खोडून साधा शब्द घालतात, कारण तो मजकूर कोणत्याही देशात वाचला जाणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. चॅट मात्र ‘अनौपचारिक’ म्हणून सुटतं. प्रत्यक्षात काम कोणी करायचं, कधी करायचं आणि काय थांबवायचं हे हल्ली तिथेच ठरतं.

एक मेसेज घेऊ. तो मी अनेक मेसेजमधून जुळवला आहे, पण त्यातलं एकही वाक्य तुम्हाला अनोळखी वाटणार नाही. वार मंगळवार, तारीख 10 जून 2025, सकाळचे अकरा. रिलीज शुक्रवारी, 13 तारखेला ठरलेली आहे. लीड ग्रुपवर लिहितात:

“हे टीम, क्विक हेड्स-अप. क्लायंट थ्र्यू अस अ कर्व्हबॉल ऑन द पेमेंट स्क्रीन, सो लेट्स पुश बॅक द रिलीज टू नेक्स्ट वेन्सडे. अमित इज स्वॅम्प्ड, कॅन समवन पिक धिस अप? लेट्स टेक द लॉगिन थिंग ऑफलाइन. प्लीज रिव्हर्ट बाय ईओडी.”

पाचच वाक्यं. व्याकरण चोख, सूर मोकळा, लिहायला अर्धं मिनिट. यात अवघड म्हणावा असा शब्द जवळपास नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. अवघड शब्द दिसला की वाचणारा थांबतो, शब्दकोश उघडतो, शेजाऱ्याला विचारतो. ‘टेक’, ‘पिक’, ‘पुश’, ‘बॅक’ हे शब्द त्याला पाचवीपासून येतात, म्हणून तो थांबतच नाही. प्रत्येक शब्द ओळखीचा असतो, त्यांची त्याच्या परीने बेरीज होते आणि वाक्य समजल्यासारखं वाटतं. आपल्याला काही कळलेलं नाही हेच त्याला कळत नाही.

व्हिएन्ना विद्यापीठातल्या भाषाशास्त्रज्ञ बार्बरा झाइडलहोफर यांनी, मातृभाषा इंग्रजी नसलेली माणसं एकमेकांशी इंग्रजीत कशी बोलतात याचा मोठा संग्रह उभा केला. अशा संभाषणांत व्याकरणाच्या चुकांनी फारसं काही अडत नाही, असं त्यांना दिसलं. क्रियापदाचा ‘एस’ गळला तरी अर्थ पोचतो. अडतं ते एकाला येणारा आणि दुसऱ्याला न येणारा वाक्प्रचार मध्ये आला की. त्याला त्या एकतर्फी वाक्प्रचार म्हणतात. आपल्याकडे ज्युनिअरच्या मेसेजमधलं ‘ही डू नॉट नो’ वाचून लोक हसतात आणि लीडच्या ‘कर्व्हबॉल’ला मान डोलावतात. माझ्या मते हे अगदी उलटं चाललं आहे.

आता तो मेसेज ओळीने वाचू.

‘कर्व्हबॉल’ बेसबॉलमधला आहे. हवेत अचानक वळणारा चेंडू, म्हणजे अनपेक्षित अडचण. टोकियोतल्या टेस्टरला तो कदाचित कळेल, कारण जपानमध्ये बेसबॉल घरोघरी पाहिला जातो. क्राकोत आणि नांदेडात तो कोणी पाहत नाही. यावर एक चलाख उपाय सुचतो: आपण ‘गुगली’ लिहू. मग नांदेडला कळेल, पण क्राको आणि टोकियो दोन्ही जातील. खेळातून आलेला शब्द दुसऱ्या खेळातल्या शब्दाने बदलून काहीच साधत नाही. वाक्यातून चेंडूच काढायला हवा. ग्राहकाने पेमेंट स्क्रीनमध्ये एक नवा बदल मागितला आहे आणि तो आपल्याला अपेक्षित नव्हता, एवढंच सांगायचं आहे. गंमत म्हणजे ‘कर्व्हबॉल’ लिहिताना लीडने नेमका बदल काय आहे हे लिहिलेलंच नाही. वाक्प्रचाराने जागा भरली आणि माहिती राहून गेली. हे वारंवार होतं. वाक्प्रचार सोडवायला बसलं की त्याच्या पोटात काही नव्हतं असं लक्षात येतं, आणि मग खरी माहिती लिहावी लागते.

‘पुश बॅक’ हा या मेसेजमधला सगळ्यात धोक्याचा शब्द. मराठीत एखादं काम लांबतं तेव्हा आपण ते पुढे ढकलतो. इंग्रजीत तेच काम ‘बॅक’ ढकलतात. मराठीतून विचार करणाऱ्या मुलाने ‘बॅक’चा अर्थ मागे असा लावला, तर रिलीज अलीकडे आली असा निष्कर्ष निघतो, आणि तो काढण्यात त्याचं काहीच चुकलेलं नाही. त्यातून हाच शब्द विरोध करणे या अर्थानेही वापरतात: ग्राहकाला ‘पुश बॅक’ करा, म्हणजे त्याला नाही म्हणा. आणि डेव्हलपरच्या रोजच्या कामात ‘पुश’ म्हणजे आपला कोड सर्व्हरवर चढवणं. एका शब्दाला तीन दारं, आणि लीडच्या मनात कोणतं आहे हे बाहेरून दिसत नाही.

वेळेबद्दलच्या अशा शब्दांत तर इंग्रजी मातृभाषा असलेलेही घसरतात. मानसशास्त्रज्ञ लेरा बोरोडित्स्की यांनी आपल्या प्रयोगांत इंग्रजी भाषकांना एक वाक्य दिलं: पुढच्या बुधवारची मीटिंग दोन दिवस ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’ झाली आहे, तर ती आता कोणत्या वारी? साधारण निम्मे लोक म्हणाले सोमवारी, उरलेले म्हणाले शुक्रवारी. काळ आपल्याकडे चालत येतो असं मनात असलं की ‘फॉरवर्ड’ म्हणजे अलीकडे, आणि आपण काळातून पुढे जातो असं मनात असलं की पलीकडे. त्यांच्या एका प्रयोगात विमानतळावर कुणाला घ्यायला आलेल्या लोकांपेक्षा नुकतेच विमानातून उतरलेले लोक ‘शुक्रवार’ जास्त म्हणाले. म्हणजे वाचणारा नुकता प्रवास करून आला आहे की नाही, यावरही तुमच्या मीटिंगचा वार बदलू शकतो. आपल्या ‘प्रीपोन’ने हा घोळ सुंदर सोडवला आहे, आणि तो शब्द मला मनापासून आवडतो. पण तो भारताबाहेर फार कमी लोकांना माहीत आहे, म्हणून क्राकोला लिहिताना त्याचाही उपयोग नाही.

‘नेक्स्ट वेन्सडे’ची तीच गत. मंगळवारी पाठवलेल्या मेसेजमधला ‘नेक्स्ट वेन्सडे’ म्हणजे उद्याचा, 11 तारखेचा बुधवार की 18 तारखेचा? ‘पुश बॅक’चा अर्थ अलीकडे असा लावलेल्या मुलाला 11 तारीख अगदी बरोबर बसते: शुक्रवारची रिलीज बुधवारी आणली. दोन संदिग्ध शब्द एकमेकांना आधार देतात आणि चुकीचा अर्थ पक्का होतो. त्या रात्री तो जागून काम करेल आणि सकाळी विचारेल की बाकीचे का नाही जागले.

‘स्वॅम्प्ड’ शब्दकोशात पाहिला तर दलदल, पाण्याखाली जाणं वगैरे सापडतं. पुण्यात जूनमध्ये हा शब्द वाचून अमित सिंहगड रोडवर पाण्यात अडकला आहे असं कुणाला वाटलं तर मी त्याला दोष देणार नाही. अमितकडे या आठवड्यात जास्त काम आहे, हे साध्या शब्दांत लिहिता येतं.

‘पिक धिस अप’मध्ये अर्थाइतकाच घोटाळा ‘समवन’चा आहे. कोणीतरी करा असं ग्रुपवर लिहिलं की ज्याला वाक्य पूर्ण कळलेलं नाही तो आधी मागे सरतो. नाव लिहा.

‘टेक ऑफलाइन’ म्हणजे हा विषय इथे नको, वेगळं बोलू. हा अर्थ मीटिंगच्या खोल्यांमधून आला. पण सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसासाठी एखादी गोष्ट ‘ऑफलाइन घेणं’ ही नेमकी तांत्रिक क्रिया आहे: सेवा बंद करणं. ‘लॉगिन थिंग ऑफलाइन घेऊ’ हे वाक्य लॉगिनची सेवा सांभाळणाऱ्या पोलिश सहकाऱ्याने जसंच्या तसं घेतलं, तर ग्राहकाचे वापरकर्ते दारातच अडकतील. तो विचारेल म्हणता? बहुधा विचारेल. पण रात्रपाळीत एकटा असला आणि वाक्य लीडचं असलं, तर नाहीही विचारणार.

आणि शेवटी आपला लाडका ‘रिव्हर्ट’. भारतीय कार्यालयांत ‘रिव्हर्ट’ म्हणजे उत्तर द्या. हा अर्थ आपल्या हाडीमासी इतका खिळला आहे की तो सगळीकडचा वाटतो. पण बहुतेक इंग्रजी वाचकांना ‘रिव्हर्ट’चा एकच अर्थ माहीत असतो: पूर्वीच्या स्थितीला जाणं. डेव्हलपरसाठी तर ती लिहिलेली आज्ञा आहे:

```
git revert a1b2c3d
```

ही आज्ञा दिली की आधी केलेला बदल उलटवणारा नवा बदल नोंदला जातो. आता पेमेंट स्क्रीनच्या चर्चेखाली ‘प्लीज रिव्हर्ट बाय ईओडी’ वाचणाऱ्या क्राकोच्या डेव्हलपरने कालचं काम उलटवलं, तर त्याने सांगितलेलंच केलं. कर्व्हबॉल निदान अमेरिकन ग्राहकाकडून आला होता, हा घोळ मात्र अस्सल आपला. अशी आपली आणखी बरीच मंडळी आहेत. ‘आय पास्ड आउट इन 2019’ म्हणजे आपल्यासाठी पदवी मिळाली. अमेरिकन वाचकासाठी शुद्ध हरपली. ‘आय हॅव अ डाउट’ म्हणजे आपल्यासाठी शंका विचारायची आहे. समोरच्याला वाटतं याला माझ्या म्हणण्यावर विश्वास नाही. ‘डू द नीडफुल’मध्ये तर काय करायचं हेच नसतं. उलट बाजूने, अमेरिकेहून ‘आय ॲम ऑन पीटीओ’ असं आलं की आपल्या नव्या मुलाला उत्तरपत्रिकेच्या तळाचं ‘पीटीओ’, म्हणजे मागे पाहा, आठवतं. तिकडे त्याचा अर्थ भरपगारी रजा.

‘ईओडी’ म्हणजे दिवसअखेर, पण कुणाच्या दिवसाची? पुण्यात संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा जूनमध्ये क्राकोत दुपारचे अडीच आणि टोकियोत रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. लीडच्या डोक्यातली वेळ सहा असेल, तर टोकियोची टेस्टर एकतर घरून उत्तर देईल किंवा लीडला टोकियोची दिवसअखेर अभिप्रेत आहे असं समजून ती साडेतीन तास आधीच अर्धंमुर्धं उत्तर पाठवेल.

आता हाच मेसेज पुन्हा लिहू:

“हॅलो ऑल. द क्लायंट आस्क्ड फॉर अ न्यू चेंज टुडे: द पेमेंट स्क्रीन मस्ट शो द टॅक्स ऑन अ सेपरेट लाइन. वी डिड नॉट एक्स्पेक्ट धिस, सो वी नीड मोर टाइम. द रिलीज विल बी लेटर: वेन्सडे 18 जून, नॉट फ्रायडे 13 जून. अमित हॅज टू मच वर्क धिस वीक. स्नेहल, कॅन यू मेक धिस चेंज? प्लीज रिप्लाय हिअर बाय 2 पीएम पुणे टाइम टुडे (10:30 क्राको, 17:30 टोकियो). आय विल टॉक टू द लॉगिन टीम सेपरेटली. प्लीज डू नॉट चेंज एनीथिंग इन लॉगिन नाउ. थँक यू.”

लांबी दुप्पट झाली हे खरं. पण ती कशाने वाढली ते बघा. वाक्प्रचार सोडवल्याने चार-सहा शब्दच वाढले. बाकीची वाढ आधी नसलेल्या माहितीची आहे: नेमका बदल, जुनी आणि नवी तारीख, माणसाचं नाव, घड्याळ, आणि काय करायचं नाही. वेळ तिन्ही शहरांच्या घड्याळांत मांडल्याबरोबर सहा वाजताची मुदत टोकियोला परवडणारी नाही हे लिहिणाऱ्यालाच दिसलं आणि ती दोनवर आली. तारीखही मुद्दाम महिन्याच्या नावासह लिहिली आहे. 6/7 हा आकडा आपल्यासाठी सहा जुलै आणि अमेरिकेत सात जून असतो.

जुनी आणि नवी, दोन्ही तारखा लिहिण्यावर माझा विशेष आग्रह आहे. नुसती नवी तारीख लिहिली की रिलीज लांबली की अलीकडे आली हे वाचणाऱ्याने आठवून ठरवायचं. दोन्ही शेजारी असल्या की दिशा सांगणाऱ्या शब्दाची गरजच संपते.

मेसेजमधले वाक्प्रचार पाठवण्यापूर्वी ओळखायचे कसे? लिहिणाऱ्याला ते दिसत नाहीत, कारण त्याच्यासाठी ते आता साधे शब्द झालेले असतात. मी दोन खुणा वापरते. पहिली चित्राची: वाक्य जसंच्या तसं कागदावर काढायचं ठरवलं तर त्यात चेंडू, फळ, होडी, सुई, ताट असं काही येतं का? तुमच्या कामात खरोखर चेंडू किंवा ताट नसेल, तर ते वाक्य सगळ्यांना कळणार नाही. दुसरी खूण छोट्या शेपटीची: क्रियापदामागे अप, आउट, ऑफ, बॅक, ओव्हर असलं काही लटकलेलं आहे का? ‘लुक इन्टू’ला ‘चेक’, ‘पुट ऑफ’ला ‘डिले’, ‘कम अप विथ’ला ‘सजेस्ट’, ‘फिगर आउट’ला ‘फाइंड द कॉज’. विमानांच्या देखभालीच्या पुस्तकांसाठी ठरवलेल्या सोप्या तांत्रिक इंग्रजीतही हाच विचार आहे: एका शब्दाला शक्यतो एकच अर्थ, आणि सूचनेचं वाक्य 20 शब्दांच्या आत. ते नियम चॅटवर जसेच्या तसे लावावेत असं मी म्हणणार नाही, पण शेपूट तोडण्याची सवय तिथून उसनी घेण्यासारखी आहे.

इथे एक मर्यादा सांगायला हवी. शेपूट असलेला प्रत्येक शब्द काढायचा नसतो. लॉगिन, बॅकअप, सेटअप ही आता वस्तूंची नावं आहेत. ‘पुल रिक्वेस्ट’ आणि ‘बॅकलॉग’ ऐकायला विचित्र आहेत, पण त्यांची व्याख्या ठरलेली आहे, ती दस्तऐवजांत सापडते आणि क्राको-टोकियोत तीच आहे. हे शब्द बदलून कोणी ‘विनंती’ आणि ‘उरलेली कामं’ असं काही साधं इंग्रजी लिहायला गेलं तर घोळ वाढेल. ज्याचा अर्थ एका ठिकाणी ठरवून लिहिलेला आहे तो शब्द ठेवा. ज्याचा अर्थ फक्त ऐकून-ऐकून कळतो तो काढा. दुसरी गोष्ट, वाक्प्रचार काढून त्या जागी भारदस्त शब्द बसवू नका. ‘युज’च्या जागी ‘युटिलाइझ’ लिहिल्याने कुणाचंही भलं होत नाही, आणि आपल्याकडे ती खोड जुनी आहे.

आता तुमची खरी हरकत. ती मी बऱ्याच जणांकडून ऐकली आहे: असं लिहिलं की मेसेज कोरडा होतो, हुकूम सोडल्यासारखा वाटतो. ‘हेड्स-अप’, ‘क्विक’, ‘नो वरीज’ यांनी जरा सैलपणा येतो, टीमला आपण त्यांच्यातले वाटतो.

ही हरकत खोटी नाही. असे शब्द अर्थापेक्षा नातं जास्त सांगतात. पण जो ते शब्द ओळखत नाही त्याच्याशी ते नातं जोडत नाहीत, त्याला बाहेर ठेवतात. शिवाय नरमाईचे शब्द कामाच्या वाक्यात मिसळले की काम आहे की नाही हेच धूसर होतं. ‘कुड यू मेबी टेक अ लुक व्हेन यू गेट अ चान्स, नो वरीज इफ नॉट’ हे वाक्य ब्रिटिश लीडने लिहिलं तर बऱ्याचदा त्याचा अर्थ आज बघ असा असतो. परक्या वाचकाला त्यात नाही म्हणायची मोकळीक दिसते आणि तो ती घेतो. मग त्याच्यावर ‘सांगितलेलं करत नाही’ असा शिक्का बसतो.

उपाय सौजन्य काढण्याचा नाही, त्याला वेगळं वाक्य देण्याचा आहे. आधी नाव आणि नमस्कार. मग काम, सरळ. मग त्या कामाला किती घाई आहे, तेही सरळ: ‘धिस इज नॉट अर्जंट. थर्सडे इज ओके.’ मग आभार. प्लीज आणि थँक यू हे शब्द जगात सगळ्यांना येतात. आपलेपणा त्यांच्यातून दाखवा. टोकियोच्या टेस्टरला सणाच्या शुभेच्छा द्यायच्या असतील, पोलिश सहकाऱ्याच्या बाळाची चौकशी करायची असेल तर जरूर करा. त्यासाठी ‘टच बेस’ लागत नाही.

मेसेज नीट पोचला की नाही हे कसं कळतं, याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे बहुतेक लीड फसतात. न कळल्याची खूण प्रश्न ही नसते. प्रश्न विचारणाऱ्याला निम्मं तरी कळलेलं असतं. खूण असते अंगठा आणि ‘ओके’. आपल्याकडे, आणि जपानमध्येही, वरिष्ठाने लिहिलेलं कळलं नाही असं सगळ्यांसमोर म्हणणं जड जातं. म्हणून अंगठा येतो, आणि दोन दिवसांनी वेगळंच काम हातात पडतं. ‘एनी डाउट्स?’ असं विचारून याचा पत्ता लागत नाही, उत्तर ‘नो’च येतं.

विमानवाहतुकीने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफच्या धावपट्टीवर दाट धुक्यात केएलएमच्या विमानातून रेडिओवर सांगण्यात आलं की आम्ही आता ‘ॲट टेक-ऑफ’ आहोत. विमान धावू लागलं होतं. नियंत्रकाला वाटलं ते उड्डाणाच्या जागी उभं आहे आणि त्याने ‘ओके’ म्हटलं. थांबा, मी सांगतो, हे त्याचं पुढचं वाक्य दुसऱ्या विमानाच्या संदेशात मिसळून नीट ऐकूच गेलं नाही. समोर धावपट्टीवर पॅन ॲमचं विमान होतं. 583 माणसं मेली. अपघाताला कारणं अनेक होती, पण त्यानंतर रेडिओवरची भाषा घट्ट झाली. ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती मागे घेतानाच उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं. आणि महत्त्वाच्या सूचनेला नुसतं ‘ओके’ चालत नाही, ती सूचना वैमानिकाने आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवायची.

आपल्या रिलीजने कोणी मरत नाही. तरी परत म्हणून दाखवण्याची पद्धत चॅटवर जशीच्या तशी चालते. ‘समजलं का?’ऐवजी विचारा, ‘यातलं तू आधी काय करणार आहेस आणि कधीपर्यंत?’ उत्तर दोन ओळींचं येतं, आणि त्यात 11 तारीख दिसली की गैरसमज मंगळवारीच पकडता येतो. हे एकट्या ज्युनिअरला विचारलं तर परीक्षा घेतल्यासारखं होतं. म्हणून सगळ्यांनाच विचारा, अगदी अमितलाही, आणि ग्राहकाकडून आलेल्या सूचनेला तुम्ही स्वतःही तसंच उत्तर द्या.

काही कंपन्यांत वाक्प्रचारांची यादी करून नव्या मुलांना देतात: ‘बॉलपार्क’ म्हणजे अंदाज, ‘बँडविड्थ’ म्हणजे वेळ, वगैरे. ही यादी उपयोगी आहे, पण चुकीच्या माणसाच्या हातात दिलेली आहे. मेसेज लिहिणारा एक असतो आणि वाचणारे पंधरा. पंधरा जणांनी यादी पाठ करण्यापेक्षा एकाने शब्द बदलणं स्वस्त. यादी लीडला द्या.

एका ठिकाणी मात्र तुमच्या हातात काही नसतं: ग्राहक जे लिहितो ते. न्यूयॉर्कहून ‘लेट्स टेबल धिस’ आलं तर विषय बाजूला ठेवायचा असतो, लंडनहून तेच आलं तर तो चर्चेला घ्यायचा असतो, आणि तुम्ही दोन्हीकडच्या ग्राहकांसाठी काम करता. त्यांना कसं लिहावं हे शिकवायला कोणी जाणार नाही. पण तो ईमेल टीमला ‘प्लीज सी बिलो’ एवढंच लिहून पुढे पाठवू नका. वर तीन ओळी लिहा: ग्राहकाला काय हवं आहे, आपण काय करायचं, कोणत्या तारखेपर्यंत. त्यांची बोली तुम्हाला येते, ती तुम्ही कॉलवर बसून कमावली आहे, आणि तिचा सगळ्यात जास्त उपयोग या तीन ओळी लिहितानाच होतो. जिथे तुम्हालाही खात्री नसेल तिथे आधी ग्राहकाला विचारा: म्हणजे हे आत्ता थांबवू की आत्ता सुरू करू? अमेरिकन माणसं अशा प्रश्नाने रागावत नाहीत, ब्रिटिश माणसं क्षणभर ओशाळतात आणि सरळ उत्तर देतात.

कळावे,

आपली,
एक टेक्निकल रायटर
कोथरूड, पुणे